वॉर्डातल्या उलट्या-जुलाबांची लाइन लिस्ट: कोणते रकाने ठेवायचे आणि ते कसे भरायचे

प्रश्न: सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम नव्यानेच बघतेय. महिला मेडिकल वॉर्डात दोन-तीन दिवसांत बऱ्याच जणींना उलट्या-जुलाब झाले. लाइन लिस्ट करून द्या असं सांगितलंय, पण नमुना कोणाकडेच नाही. कोणते रकाने ठेवू? केसपेपरवरून भरली तर चालेल का? सगळे रविवारच्या जेवणावर बोट ठेवताहेत, ते लिस्टवरून कळेल का?

उत्तर:

केसपेपरवरून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. केसपेपरवर असते ती तक्रार नोंदवल्याची वेळ. तुम्हाला हवी आहे त्रास सुरू झाल्याची वेळ. या दोहोंतलं अंतर वॉर्डात सहज आठ-दहा तासांचं असतं आणि तेवढ्यात जेवण दोषी ठरतं किंवा सुटतं. हे पुढे उदाहरणात दिसेलच. आधी नमुना.

लिस्ट म्हणजे एका माणसाला एक ओळ. एकीला शनिवारी उलट्या झाल्या आणि सोमवारी पुन्हा जुलाब लागले तरी ओळ एकच. एक्सेलमध्ये पहिली ओळ अशी टाका, एका चौकोनात एक शब्द, सगळे एकाच ओळीत, म्हणजे A ते X असे चोवीस रकाने होतील:

```
id,status,role,ipd_no,age_y,sex,adm_dt,onset_dt,
first_sx,vomit,loose,blood,fever,end_dt,beds,feed,
toilet,other_cause,abx,contact_id,stool_dt,result,
outcome,asked_by
```

चोवीस ऐकायला जास्त वाटतात, पण निम्मे रकाने केसपेपरवरून पाच मिनिटांत भरतात. मी यापेक्षा जास्त ठेवत नाही. खाण्याच्या पदार्थांचे तीस-चाळीस रकाने या लिस्टला जोडायचा मोह होतो, तो टाळा. सलाइन लावलेली बाई खाटेवर पडल्या पडल्या चाळीस प्रश्नांची उत्तरं देत नाही. विसाव्या प्रश्नापासून ती सगळ्यालाच "हो" म्हणू लागते.

लिस्टमध्ये कोण येणार हे आधी एका वाक्यात लिहून भिंतीवर चिकटवा. उदाहरणार्थ: "बुधवार ७ तारखेच्या सकाळी ८ पासून महिला मेडिकल वॉर्डात दाखल असलेली, ड्युटी केलेली किंवा रुग्णाजवळ राहिलेली व्यक्ती, जिला २४ तासांत ३ किंवा जास्त पातळ जुलाब किंवा २ किंवा जास्त उलट्या झाल्या." यातल्या दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, तारीख पहिल्या माहीत असलेल्या रुग्णाच्या दोन-तीन दिवस आधीची धरायची, नाहीतर खरा पहिला रुग्ण व्याख्येबाहेर पडतो. दुसरी, नातेवाईक आणि कर्मचारी. आपल्याकडे प्रत्येक खाटेजवळ एक माणूस रात्रंदिवस असतो, तेच संडास वापरतो आणि खाटेखाली चटई टाकून झोपतो. त्यांना सोडलं तर साखळीतला मधला दुवाच निघून जातो. `role` रकान्यात रुग्ण, नातेवाईक, सिस्टर, मावशी, मामा, डॉक्टर, स्वयंपाकघर असे ठरलेले शब्दच ठेवा. एकाने "आया", दुसऱ्याने "मावशी" लिहिलं की मोजणी चुकते.

व्याख्येत "दुसरं कारण नसलेली" अशी अट घालू नका. त्यासाठी `other_cause` हा रकाना आहे. मेडिकल वॉर्डात जुलाबाची कारणं भरपूर असतात. लिव्हरच्या रुग्णाला लॅक्टुलोज चालू असतं, कोणाला काल एनिमा दिलेला असतो, कोणाची राइल्स ट्यूबवरची फीड नुकतीच सुरू झालेली असते, कोणाला मेटफॉर्मिनचा डोस वाढवलेला असतो. अशी बाई आधी लिस्टमध्ये घ्या, कारण लिहा, आणि डॉक्टरांशी बोलून नंतर `status` मध्ये "वगळली" करा. ओळ पुसायची नाही. लॅक्टुलोजवरच्या बाईला आजवर दिवसाला दोन जुलाब होत होते आणि काल अचानक आठ झाले, तर ती पुन्हा आत येते. पुसलेली ओळ परत आणता येत नाही, आणि का पुसली हेही कोणाला आठवत नाही.

`status` मध्ये सुरुवातीला सगळ्या "संशयित". प्रयोगशाळेचा अहवाल पॉझिटिव्ह आला की त्या-त्या व्यक्ती "निश्चित" होतात. साथ कशाची हे कळल्यावर ज्यांचा नमुना घेतला नव्हता पण लक्षणं आणि संपर्क जुळतात त्या "संभाव्य". अहवालाची वाट बघत लिस्ट रिकामी ठेवायची नाही.

हो-नाहीचे रकाने आकड्यांत भरा: हो १, नाही ०, विचारलं पण सांगता येत नाही ९, लागूच नाही ८. रिकामा चौकोन म्हणजे अजून विचारलंच नाही. हा भेद पाळला नाही तर लिस्ट निकामी होते. "ताप" रकाना रिकामा दिसला की वाचणारा "ताप नव्हता" असं धरतो आणि पुढचे सगळे टक्के त्या चुकीवर उभे राहतात. आठचा उपयोग तर फार मोठा आहे, तो खाली सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना, `onset_dt`. तारीख आणि वेळ एकाच चौकोनात, 24 तासांच्या घड्याळाने, `2026-01-11 04:00` अशी, आणि अंक इंग्रजी कीबोर्डवरून. एंटर मारल्यावर चौकोनातला मजकूर उजवीकडे सरकला तर एक्सेलने ती तारीख म्हणून घेतली. डावीकडेच चिकटून राहिला तर तो नुसता मजकूर आहे आणि पुढचं कोणतंही सूत्र चालणार नाही.

ही वेळ विचारायचीही रीत आहे. "कधीपासून त्रास होतोय?" असं विचारलंत तर "कालपासून" एवढंच मिळेल. "शनिवारी रात्री एक वाजता" असं बाई सांगते तेव्हा कॅलेंडरवर रविवार उजाडलेला असतो. तुम्ही शनिवार ०१:०० टाकलंत तर ती चोवीस तास मागे जाते. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे पाच यांतली प्रत्येक वेळ उलटून विचारा: "म्हणजे त्यानंतर जी सकाळ झाली ती रविवारची ना?" घड्याळ न बघणाऱ्या बाईला वॉर्डातल्या ठरलेल्या गोष्टी आठवायला लावा. रात्रीच्या गोळ्या वाटून झाल्या होत्या का? लाइट बंद केले होते का? सकाळी झाडायला मावशी आल्या त्याआधी की नंतर? चहा प्यायला होता का, तो पोटात राहिला का? दोन-तीन प्रश्नांत वेळ तासाभराच्या अंतराने ठरते. मिरज-सांगलीकडे अथणी, रायबागहून आलेल्या बऱ्याच बायका कानडी बोलतात. तिथे नातेवाईकाने स्वतःच्या मनाने उत्तर देऊ नये म्हणून कानडी येणारी सिस्टर किंवा मामा बरोबर घ्या. आणि "उलटी-जुलाब कधी" असं एकदम विचारू नका. पहिलं लक्षण कोणतं ते `first_sx` मध्ये, आणि वेळ त्या पहिल्या लक्षणाची. आधी सहा तास मळमळत होतं आणि पोटात कळ येत होती, तर सुरुवात तिथून.

`beds` मध्ये फक्त आजची खाट लिहून भागत नाही. त्रास सुरू होण्याआधीच्या ४८ तासांतल्या सगळ्या खाटा वेळेसह लिहा: "७ शनि १२:०० पर्यंत, मग २२". आपल्या वॉर्डांत खाटा सारख्या बदलतात. ऑक्सिजनच्या पॉइंटजवळ हलवलं, पंखा चालत नाही म्हणून हलवलं, सिरियस पेशंट आला म्हणून हलवलं. केसपेपरवर बहुतेकदा शेवटचाच नंबर असतो. इन्चार्ज सिस्टरची रोजची सेन्सस वही हाच यावरचा भरवशाचा पुरावा.

`feed` मध्ये पदार्थ नव्हे, फक्त स्रोत लिहायचा: रुग्णालयाचं जेवण, घरचा डबा, बाहेरचं, वाटलेलं अन्न, राइल्स ट्यूब, किंवा एनबीएम. शेवटचे दोन शब्द कमी लेखू नका. तोंडाने काहीही न घेणाऱ्या बाईला जुलाब लागले तर जेवणावरचा संशय एका ओळीने ढिला पडतो. उलट, फक्त ट्यूब फीडवाल्याच आजारी पडल्या असतील तर फीड कुठे कालवतात, कोणत्या भांड्यात आणि किती तास बाहेर ठेवतात ते बघायला जा. `toilet` मध्ये कोणतं संडास, की बेडपॅन, की डायपर. `contact_id` मध्ये आधीच्या कोणत्या रुग्णाजवळ होती, किंवा कोणाची उलटी पुसली, त्याचा `id`. हा रकाना पहिल्या फेरीत रिकामाच राहील. तो दुसऱ्या फेरीत भरतो, आणि साखळी त्यातूनच दिसते.

आता उदाहरण. आकडे रचलेले आहेत, पण मांडणी हुबेहूब अशीच असते. वॉर्ड २४ खाटांचा. १ ते १२ एका भिंतीला, १३ ते २४ समोर. शुक्रवारी रात्री २२ रुग्ण होत्या, आणि मंगळवारपर्यंत कोणालाच डिस्चार्ज नाही असं धरू. रविवारी दुपारी १२:३० ला एका मंडळाने वॉर्डात पुलाव वाटला. सोमवारी केसपेपर चाळले तर पाच जणींच्या तक्रारी रविवारी दुपारी २ ते रात्री ९ या वेळात नोंदलेल्या. पुलाव दुपारी, त्रास संध्याकाळी. सगळ्यांनी निष्कर्ष काढून टाकला. मग खाटेवर जाऊन विचारून भरलेली लिस्ट, संशयापुरता पुलावाचा एकच जादा रकाना धरून, अशी निघाली:

| क्र. | कोण | खाट | पहिलं लक्षण | उलटी | जुलाब | पुलाव |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | रुग्ण | १० | शुक्र २१:०० | १ | १ | ८ |
| २ | नातेवाईक (खाट १०) | – | शनि २३:०० | १ | १ | ८ |
| ३ | रुग्ण | ११ | रवि ०४:०० | १ | १ | ८ |
| ४ | मावशी | – | रवि ०६:०० | १ | ० | ८ |
| ५ | रुग्ण | ९ | रवि ०९:३० | १ | १ | ८ |
| ६ | रुग्ण | १२ | रवि १३:०० | १ | १ | १ |
| ७ | रुग्ण, एनबीएम | ८ | रवि १७:०० | ० | १ | ० |
| ८ | रुग्ण | ७, शनि दुपारपासून २२ | रवि १९:०० | १ | १ | १ |
| ९ | नातेवाईक (खाट १२) | – | सोम २०:०० | १ | ० | १ |
| १० | रुग्ण | २१ | मंगळ ०२:०० | ० | १ | ० |
| ११ | सिस्टर (रविवार रात्रपाळी) | – | मंगळ ०५:०० | ० | १ | ० |

पुलावाच्या रकान्यातले आठ बघा. पहिल्या पाच जणांचा त्रास पुलाव येण्याआधीच सुरू झाला होता. त्यांतल्या कोणी तो नंतर चार घास खाल्लाही असेल, पण आजार सुरू झाल्यावर खाल्लेलं अन्न आजाराचं कारण होऊ शकत नाही, म्हणून ८. तिथे कोणी भोळेपणाने १ टाकला असता तर "बहुतेकांनी पुलाव खाल्ला होता" हे वाक्य अहवालात गेलं असतं. क्र. ३ आणि ५ यांची नोंद संध्याकाळी झाली, कारण रविवारी राउंड उशिरा झाला आणि पोट बिघडलंय हे त्यांनी सिस्टर स्वतः खाटेजवळ आल्यावरच सांगितलं. मावशी आणि नातेवाईक तर केसपेपरवर असणारच नाहीत.

आता १२-१२ तासांचे कप्पे पाडून आलेख काढा. सूत्र सोपं आहे:

```
=FLOOR(H2,0.5)
=(N2-H2)*24
=(H2-G2)*24
```

पहिलं सूत्र वेळ १२ तासांच्या कप्प्यात टाकतं, दुसरं आजार किती तास टिकला ते, तिसरं दाखल झाल्यापासून किती तासांनी त्रास सुरू झाला ते सांगतं. शुक्रवार दुपारनंतरच्या कप्प्यापासून आकडे येतात १, ०, १, ३, ३, ०, १, २. एकाच जेवणाने झालेली बाधा असती तर एक उभा डोंगर दिसला असता आणि तो लवकर ओसरला असता. इथे एक सुटी केस, मग दीड दिवसाने सहा-सात जणांची लाट, मग पुन्हा सुमारे दीड दिवसाने दुसरी लहान लाट. माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या आजाराची ही ठेवण. कप्पे तासातासाचे पाडले असते तर अकरा सुट्या काड्या दिसल्या असत्या, दिवसाचे पाडले असते तर रविवारी एकच डोंगर. संशयित आजाराच्या अधिशयन काळाचा, म्हणजे बाधा झाल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या काळाचा, चौथा ते तिसरा हिस्सा इतका कप्पा साधारण चांगला बसतो.

शुक्रवारी रात्री ९ वाजता खाट १० वरच्या बाईला खाटेवरच मोठी उलटी झाली. तिथून पुढच्या सात जणांचं अंतर तासांत मोजा: २६, ३१, ३३, ३६.५, ४०, ४४, ४६. मधला आकडा ३६.५. अकरापैकी आठ जणांना उलट्या. मंगळवार संध्याकाळपर्यंत बऱ्या झालेल्या आठ जणांचा आजार मध्यमानाने ३४ तास टिकला असं धरू. शौचाच्या कल्चरमध्ये जंतू नाही. नोरोव्हायरससाठी कॅप्लान यांचे चार निकष आहेत: निम्म्याहून जास्त जणांना उलट्या, अधिशयन काळ २४ ते ४८ तास, आजार १२ ते ६० तास, आणि कल्चर निगेटिव्ह. चारही जुळतात. जुळले तर नोरो असण्याची शक्यता खूप. न जुळले म्हणून नोरो नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण हे निकष खऱ्या साथींपैकीही बऱ्याच सोडतात. आणि त्यांची पडताळणी मुख्यतः अन्नातून पसरलेल्या साथींवर झाली आहे, वॉर्डात वापरताना हे लक्षात असू द्या.

तुलनेसाठी दोन गोष्टी डोक्यात असल्या म्हणजे पुरे. स्टॅफ किंवा भातातल्या बॅसिलस सेरियसच्या विषाने होणाऱ्या उलट्या खाल्ल्यापासून १ ते ६ तासांत सुरू होतात आणि बहुतेक दिवसभरात थांबतात. पुलाव दोषी असता तर अशी गर्दी रविवारी दुपारी दीड ते संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान दिसली असती, शनिवारी रात्री नव्हे. आणि उलट्या फारशा नाहीत, जुलाबच जुलाब, ताप, सगळ्या जणी आधी अँटिबायोटिकवर, सुरुवात आठवडाभर विखुरलेली, असं दिसलं तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलकडे बघा. `abx` रकाना त्यासाठीच आहे. त्यात औषधाचं नाव आणि सुरू केल्याची तारीख लिहा, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांतलं विचारा, फक्त या वेळी दाखल झाल्यानंतरचं नव्हे.

आता लिस्ट जे सांगू शकत नाही ते. लिस्टमध्ये फक्त आजारी माणसं असतात. आजारी रुग्णांपैकी कितींनी पुलाव खाल्ला यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण वॉर्डात बहुतेकींनी तो खाल्लेला असू शकतो. त्यासाठी न आजारी पडलेल्या रुग्णांची एक छोटी यादी शेजारच्या शीटवर हवी: आयपीडी नंबर, शुक्रवारी रात्रीची खाट, पुलाव खाल्ला का. इतकंच. सेन्सस वहीवरून अर्ध्या तासात होते.

उदाहरणात रुग्णांपुरतं बघू. २२ पैकी तिघी (क्र. १, ३, ५) पुलावाआधीच आजारी, त्या बाजूला. उरल्या १९. पुलाव खाल्लेल्या ११, त्यांतल्या २ आजारी, म्हणजे १८ टक्के. न खाल्लेल्या ८, त्यांतल्याही २ आजारी, म्हणजे २५ टक्के. पुलावाचा दोष दिसत नाही. न खाल्लेल्यांत क्र. ७ आहे, जिला शनिवारी सकाळपासून तोंडाने काहीच नव्हतं.

हाच हिशोब खाटेवर करा. शुक्रवारी रात्री ६ ते १२ या खाटांवर सात जणी होत्या. पहिली रुग्ण सोडली तर सहा, त्यांतल्या पाच आजारी. बाकी वॉर्डात १५, त्यांतली एक. ८३ टक्के विरुद्ध ७ टक्के. हा फरक बघायला संख्याशास्त्र लागत नाही. पण `beds` मध्ये फक्त आजची खाट असती तर क्र. ८ समोरच्या भिंतीला गेली असती, आणि "खाट २२ आणि २१ लांब आहेत, म्हणजे पाण्याच्या टाकीतूनच आलं असणार" अशी नवी शाखा फुटली असती. तिचा मागचा नंबर कळला की सगळं सरळ होतं: ती खाट ७ वर असताना बाधित झाली, २२ वर गेल्यावर आजारी पडली, आणि ३१ तासांनी शेजारची २१ पडली.

क्र. १ मुळात कुठून आली? तिसऱ्या सूत्राने दाखल झाल्यापासूनचे तास बघा. ती गुरुवारी दुपारी ४ वाजता दाखल झाली असेल तर त्रास २९ तासांनी सुरू झाला, म्हणजे बाधा घेऊनच आली असण्याची दाट शक्यता. घरी कोणाला उलट्या झाल्या होत्या का एवढं विचारलं की बऱ्याचदा नातवंडाचं नाव निघतं. रुग्णालयात लागलेला संसर्ग मोजताना ४८ तासांची रेषा वापरतात, पण नोरोचा अधिशयन काळच १२ ते ४८ तासांचा असल्याने ती रेषा इथे आंधळेपणाने लावू नका. १८ तासांनी आजारी पडलेली बाईसुद्धा वॉर्डात बाधित झालेली असू शकते, म्हणून तिला लिस्टमधून काढायचं नाही.

नमुन्यांबद्दल थोडं. त्रास सुरू होऊन ४८ ते ७२ तासांच्या आतल्या पाच-सहा जणांची पातळ शौच घ्या. सगळ्यांची लागत नाही. बॅक्टेरियाच्या कल्चरसाठी कॅरी-ब्लेअर माध्यमात, व्हायरससाठी काहीही न घातलेल्या स्वच्छ बंद डबीत, २ ते ८ अंशांवर. दोन्ही वेगवेगळं. कॅरी-ब्लेअरमध्ये एकच स्वॅब पाठवला तर व्हायरसची तपासणी नीट होत नाही, आणि "कल्चर निगेटिव्ह" आलं की "काही निघालं नाही" असा समज होतो. कल्चरमध्ये व्हायरस दिसतच नाही. `result` मध्ये म्हणून नुसतं "निगेटिव्ह" लिहू नका, कशासाठी निगेटिव्ह ते लिहा. नमुन्याआधी अँटिबायोटिक दिलं होतं का, तेही `abx` वरून ताडून बघा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि झपाट्याने डिहायड्रेशन असेल तर कॉलराचा संशय आधी, आणि तो लिस्ट पूर्ण होण्याची वाट बघत नाही. लगेच जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना फोन.

तसं तर कोणताच बंदोबस्त लिस्टसाठी थांबवायचा नाही. साबण-पाण्याने हात धुणं सुरू करा, नुसतं हँडरब नोरोवर कमी पडतं. ५ टक्क्यांचं ताजं हायपोक्लोराइट २० मिली आणि पाणी मिळून १ लिटर केलं की १००० पीपीएमचं द्रावण होतं. उलटी आधी टिपून काढायची, मग जागा पुसायची. आजारी कर्मचारी लक्षणं थांबल्यावर ४८ तासांनीच कामावर. फक्त प्रत्येक उपाय कोणत्या दिवशी किती वाजता सुरू झाला ते वेगळ्या शीटवर लिहा आणि आलेखावर त्या जागी बाण काढा. मंगळवारच्या दोन केसेस बंदोबस्तानंतरच्या दिसतात, पण बाधा त्याआधीची असते. बाण आणि अधिशयन काळ दोन्ही समोर असले की "उपाय चालत नाही" म्हणून कोणी घाई करत नाही.

लिस्ट एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. तीन पाळ्यांच्या तीन सिस्टरनी तीन प्रती भरल्या की एकच बाई दोनदा येते, एकदा माहेरच्या आडनावाने. जुळवणी आयपीडी नंबरवर करा, नावावर नव्हे. नावं आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर, `id` सोबत, कपाटात. लिस्टमध्ये फक्त `id` आणि आयपीडी नंबर. लिस्टचा फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि तासाभरात गावात पोचतो, हे गृहीत धरूनच रकाने ठरवा. बाहेर पाठवायच्या प्रतीतून आयपीडी नंबरही काढा. `asked_by` मध्ये विचारणाऱ्याची आद्याक्षरं असली की शंका आली तर कोणाला गाठायचं ते कळतं.

दिवसातून दोनदा, सकाळच्या राउंडनंतर आणि संध्याकाळी ६ वाजता, लिस्ट ताजी करा आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ टाका. `end_dt` म्हणजे शेवटचा पातळ जुलाब किंवा उलटी, डिस्चार्जची वेळ नव्हे. बंद केव्हा करायची? शेवटच्या रुग्णाचा त्रास सुरू झाल्यापासून दोन अधिशयन काळ, नोरोसाठी ९६ तास, नवी केस आली नाही की.

एक फेरी शेवटी राहते आणि ती नेहमी राहते. उदाहरणात डिस्चार्ज नाही धरला होता, पण खऱ्या वॉर्डात शनिवारी सकाळीच चार-पाच जणी घरी जातात. बुधवारपासून घरी गेलेल्या प्रत्येकीला फोन करा. तीनच प्रश्न विचारा: घरी गेल्यावर उलट्या-जुलाब झाले का, पहिला त्रास कोणत्या दिवशी किती वाजता, आणि घरात नंतर कोणाला झाले का. पहिल्या दोन प्रश्नांवरून व्याख्येत बसली तर तिची ओळ लिस्टमध्ये. घरातली माणसं लिस्टमध्ये घेऊ नका, ती वॉर्डात आलेली नसतात, पण गाव आणि संख्या शेवटच्या शीटवर लिहून जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळवा. दुसऱ्या रुग्णालयात हलवलेल्या रुग्णांची चौकशी मात्र फोनवर नातेवाईकाकडे न करता तिथल्या इन्चार्ज सिस्टरकडे करा, कारण तिकडच्या वॉर्डाची पहिली ओळ कदाचित तीच असेल.